कार्डावर दिसणारी रोख आपली नसते : एटीएममधून काढलेल्या ३० हजारांचा हिशेब

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण ज्यांच्या पाकिटात क्रेडिट कार्ड आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचा, कारण मॉलच्या दारात उभी असलेली पोरं तुम्हालाही एक दिवस गाठणारच आहेत.

गेल्या रविवारी सकाळी मेहरूण तलावावर फिरायला गेलो होतो. आमच्या गल्लीतले नाना भेटले. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, माणूस सरळ, कधी कुणाचा रुपया बुडवला नाही. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचं चाललंय. फी आणि होस्टेलचं डिपॉझिट मिळून २५ हजार कमी पडत होते. त्यांनी मोबाइल काढून मला बँकेचा मेसेज दाखवला. त्यात लिहिलं होतं की तुमच्या कार्डावर ४० हजारांची कॅश लिमिट उपलब्ध आहे.

नाना म्हणाले, "भाऊ, एटीएममधून काढून घेतो. पगार झाला की भरून टाकतो. ५० दिवस व्याजच लागत नाही ना? आणि तो पैसा आपलाच शे ना?"

मी तिथंच बाकावर बसलो. म्हटलं, नाना, बसा. हीच चूक मी गेल्या वर्षी केली आहे, आणि मी तर वीस वर्षं पेपरात काम करतो. बँकांच्या प्रेसनोटा मीच मराठीत करून छापल्या आहेत.

मी तेव्हा नानांना जे सांगितलं तेच आज सविस्तर लिहितोय.

काय झालं होतं

गेल्या वर्षी, २० जूनची रात्र. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही त्यांना एका खासगी दवाखान्यात घेऊन गेलो. काउंटरवर ३० हजार अनामत मागितली. मी कार्ड पुढे केलं तर म्हणे मशीन बंद आहे, रोख भरा. खात्यात सहा-सात हजार असतील. रात्री साडेअकराला कुणाला उठवायचं? रस्त्यापलीकडे एटीएम होतं, दुसऱ्या बँकेचं. क्रेडिट कार्ड घातलं, पिन टाकला. त्या मशीनने एका वेळी दहाच हजार दिले, म्हणून तीनदा काढले. ३० हजार हातात आले आणि वडिलांवर उपचार सुरू झाले. आज ते ठणठणीत आहेत, सकाळी माझ्याआधी उठतात. त्यामुळे त्या रात्री पैसे काढले याचा मला पश्चात्ताप नाही. चूक झाली ती त्यानंतर.

पाच दिवसांनी, २५ जूनला, पुण्याच्या भावाने ३० हजार माझ्या खात्यात टाकले. मी काय केलं? काहीच नाही. माझ्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख त्यानंतर वीस दिवसांनी, म्हणजे ४ ऑगस्टला होती. मी मनात म्हटलं, ४ ऑगस्टपर्यंत फुकट वापरायचेत, मग आत्ता कशाला भरायचे? पैसे बचत खात्यात तसेच पडून राहिले.

१५ जुलैला बिल आलं. काढले होते ३०,०००. बिल होतं ३२,८६१ रुपयांचं.

आधी वाटलं, कुणीतरी कार्ड वापरलं. मग बिलाच्या ओळी वाचल्या.

बिलात काय होतं

पहिली ओळ : 'कॅश ॲडव्हान्स फी' ५०० रुपये. आणि अशी ओळ तीन वेळा.

कार्डावरून रोख काढली की बँक फी लावते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या बँकांमध्ये ती रकमेच्या अडीच टक्के असते, पण किमान ५०० रुपये. हा 'किमान' शब्द लक्षात ठेवा. दहा हजारांचे अडीच टक्के होतात २५०. पण किमान ५०० आहे म्हणून दर वेळी ५०० लागले. तीन वेळा काढले म्हणून १,५००. तेच ३० हजार एका दमात निघाले असते तर फी ७५० झाली असती. म्हणजे मशीनने दहा-दहा हजार दिले, त्याचाच मला ७५० रुपयांचा फटका. कुणी एखादा अडचणीत फक्त दोन हजार काढेल, त्यालाही ५०० च लागतील. त्याच्या रकमेचे ते २५ टक्के झाले.

त्यावर १८ टक्के जीएसटी, २७० रुपये. फीचे एकूण १,७७०.

दुसरी ओळ : 'फायनान्स चार्जेस', ९२५ रुपये. हे व्याज. माझ्या कार्डाचा दर महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. ३० हजारांवर दिवसाला साधारण ३७ रुपये. २० जूनपासून १५ जुलैपर्यंत २५ दिवस झाले, त्याचे ९२५. पहिल्या दिवसापासून, पहिल्या रात्रीपासून मीटर चालू होतं. वडील आयसीयूत होते तेव्हाही चालू होतं, आणि भावाचे पैसे माझ्या खात्यात आरामात झोपले होते तेव्हाही चालू होतं.

तिसरी ओळ : त्या व्याजावरही जीएसटी, १६६ रुपये. इथे बरेच जण चमकतात. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. पण जीएसटीच्या सवलतीतून क्रेडिट कार्डाचं व्याज स्पष्ट वगळलेलं आहे, त्यामुळे त्यावर पूर्ण १८ टक्के लागतो. म्हणजे ४५ टक्के दिसणारा दर हातात पडेपर्यंत ५३ टक्क्यांच्या पुढे जातो.

मी चिडून फोन केला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की सर, इंटरेस्ट फ्री पिरियड फक्त खरेदीला असतो, रोख काढण्याला नसतो, तुमच्या अटींच्या कागदात दिलंय. कपाटातून कागद काढला. खरंच दिलं होतं. तिची काही चूक नव्हती.

मी ४ ऑगस्टला ३२,८६१ रुपये पूर्ण भरले आणि म्हटलं, सुटलो. १५ ऑगस्टला पुन्हा बिल आलं, ८७३ रुपयांचं. आता हे कसलं? तर बिल १५ जुलैला निघालं, पण मी पैसे भरले ४ ऑगस्टला. मधल्या वीस दिवसांचं व्याज ७४० आणि त्यावर जीएसटी १३३. बिल निघालं म्हणून मीटर थांबत नाही, पैसे जमा होतात तेव्हाच ते थांबतं. पूर्ण बिल भरल्यानंतरही पुढच्या महिन्यात हे शेपूट येतं, आणि ते माहीत नसलेला माणूस ते बिल उघडतच नाही. 'मी तर सगळं भरलंय' म्हणून बसतो, मग उशिराचा दंड लागतो.

एकूण बेरीज करा. १,७७० फीचे, १,०९१ पहिल्या बिलातल्या व्याजाचे, ८७३ शेपटाचे. ३,७३४ रुपये. ३० हजार ४५ दिवस वापरल्याबद्दल. वर्षाच्या हिशेबात मांडलं तर १०० टक्क्यांच्या वर जातं.

आता दुसरी बेरीज. २५ जूनला भावाचे पैसे आले त्याच दिवशी ३० हजार कार्डात भरले असते तर? फी तीच, १,७७०. व्याज पाच दिवसांचं, जीएसटी धरून २१८. एकूण १,९८८. म्हणजे मी निव्वळ वाट पाहण्यात १,७४६ रुपये घालवले, आणि तेही पैसे खात्यात असताना. बचत खात्याने त्या दिवसांत मला शंभर रुपयेसुद्धा व्याज दिलं नसेल.

पण असं का? खरेदीला ५० दिवस फुकट आणि रोखीला एक दिवसही नाही?

हा प्रश्न मला चावत होता. बँक लुटते, हे म्हणणं सोपं आहे. पण नेमकं कारण काय? मी ओळखीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी मला फुले मार्केटमधल्या कापडाच्या दुकानाचं उदाहरण देऊन समजावलं.

समजा तुम्ही दुकानात दहा हजारांची खरेदी केली आणि कार्ड स्वाइप केलं. तुमच्या बिलात दहा हजारच येतात. पण दुकानदाराला दहा हजार मिळत नाहीत. त्याच्या रकमेतून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात. त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. म्हणून काही दुकानदार कार्ड काढलं की तोंड वाकडं करतात आणि 'दोन टक्के जास्त लागतील' म्हणतात. तर तुम्हाला जे ४५-५० दिवस फुकट मिळतात ते बँक पदरमोड करून देत नाही. त्याचे पैसे दुकानदाराने आधीच मोजलेले असतात.

आता एटीएमवर या. तिथे दुकानदारच नाही. कुणाकडून कापायचे? उलट तुमच्या बँकेला नोटा स्वतःच्या पैशातून द्याव्या लागतात. शिवाय मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर त्या बँकेला प्रत्येक वेळी भाडं द्यावं लागतं. १ मे २०२५ पासून हे भाडं १९ रुपये आहे, त्याआधी १७ होतं. म्हणजे खरेदीत बँकेला पहिल्या दिवशी कमाई होते, रोखीत पहिल्या दिवशी खर्च होतो. म्हणून व्याज पहिल्या दिवसापासून.

दुसरं कारण त्यांनी सांगितलं ते जास्त कडू आहे. ते म्हणाले, "जो माणूस क्रेडिट कार्डावरून रोख काढतो, त्याचे बाकीचे सगळे दरवाजे बंद झालेले असतात, असं बँक गृहीत धरते." ना तारण, ना जामीनदार. बुडायची शक्यता जास्त, म्हणून दर जास्त.

इथपर्यंत मला पटलं. मी हट्टाने विचारलं, "साहेब, पहिल्या दिवसापासून व्याज समजलं. पण मग वरून फी कशाला? आणि १९ रुपयांच्या भाड्यासाठी ५०० कशाला?" ते हसले. म्हणाले, "त्याचं उत्तर हिशेबात नाही, तुमच्या गरजेत आहे. रात्री साडेअकराला दवाखान्यासमोर उभा असलेला माणूस ५०० पाहत नाही."

सावकाराला १८ टक्के, कार्डाला ४५

आता थोडं सार्वजनिक बोलूया, कारण ही माझ्या एकट्याची गोष्ट नाही.

आपल्या खान्देशात सावकारी हा शब्द उच्चारला की लोकांच्या अंगावर काटा येतो. त्यासाठी राज्याने २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा केला. परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यायचं हे सरकार ठरवतं. शेतकऱ्याखेरीज इतरांना विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला १८ टक्के, त्याहून जास्त नाही. जास्त घेतल्याची तक्रार आली तर सहकार खात्याचे अधिकारी घराची झडती घेतात, आम्ही फोटोसकट बातमी छापतो.

हा कायदा बँकांना लागू नाही. बँकांचे दर हा रिझर्व्ह बँकेचा विषय, आणि रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या व्याजाला आकड्यातली कमाल मर्यादा घातलेली नाही.

मर्यादा घालायचा एक प्रयत्न झाला होता. 'आवाज' नावाची एक संस्था ग्राहक आयोगात गेली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये निकाल दिला की मुदतीत पूर्ण बिल न भरणाऱ्याकडून वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा तो निकाल रद्द केला. दर ठरवणं हा आयोगाचा अधिकार नाही, तो रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, आणि कार्डधारकाला अटी आधीच कळवलेल्या असतात, असा त्याचा सारांश.

म्हणून कुणी जर म्हणत असेल की ३० टक्क्यांच्या वर व्याज बेकायदा आहे, तर आज ते खरं नाही. व्हॉट्सॲपवर तो जुना निकाल अजून फिरतो. त्याच्या भरवशावर बिल थकवू नका.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलं नाही असंही म्हणता येणार नाही. २१ एप्रिल २०२२ ला तिने क्रेडिट कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले, ते त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाले. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, खरेदीचा वार्षिक दर वेगळा आणि रोखीचा वेगळा दाखवायचा. दोन, न भरलेल्या फी, दंड आणि करांवर पुन्हा व्याज चढवायचं नाही. म्हणजे माझ्या बिलात व्याज ३० हजारांवरच लागायला हवं, त्या १,७७० वर नाही. मी कॅल्क्युलेटर घेऊन तपासलं, बरोबर होतं. तुम्हीही तपासा : काढलेली रक्कम गुणिले वार्षिक दर, भागिले ३६५, गुणिले दिवस. आकडा फार पुढे गेला तर बँकेला लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. पण फी लागलीच का, अशी तक्रार टिकणार नाही. कागदात लिहिलेली फी ही चूक धरली जात नाही.

'किमान रक्कम' भरणाऱ्यांसाठी

माझं प्रकरण ४५ दिवसांत संपलं. आमच्या भागातल्या एका पोराचं संपलेलं नाही. मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. त्यानेही ३० हजारच काढले होते, बहिणीच्या लग्नात. बिल आलं, त्यावर दोन आकडे असतात : पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. तो दर महिन्याला किमान रक्कम भरतो आणि समजतो की हप्ता चालू आहे.

त्याचा एक महिना पाहू. ३० हजारांवर महिन्याचं व्याज १,१२५, त्यावर जीएसटी २०२. मुद्दलाचे साधारण पाच टक्के, १,५००. तो भरतो २,८२७ आणि कर्ज कमी होतं फक्त १,५०० ने. जवळजवळ निम्मे पैसे व्याज आणि करात गेले. पुढच्या महिन्यात पाच टक्के उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे फेड आणखी हळू. वर त्याच कार्डाने तो पेट्रोल भरतो, किराणा घेतो. मागचं बिल पूर्ण न भरल्यामुळे या नव्या खरेदीलाही आता फुकट दिवस मिळत नाहीत, तिचंही व्याज पहिल्या दिवसापासून. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, मी तर एकही हप्ता चुकवला नाही." खरंय, चुकवला नाही. म्हणूनच तो बँकेचा आवडता ग्राहक आहे.

आणखी एक बारीक मुद्दा. तुम्ही अर्धवट रक्कम भरली तर ती आधी कशात वळती होते? काही बँकांच्या अटींत क्रम असा आहे की आधी कर, फी आणि व्याज, मग खरेदी आणि सगळ्यात शेवटी रोख. म्हणजे व्याज खाणारी रोख शेवटपर्यंत तशीच राहते. आपल्या बँकेचा क्रम अटींच्या कागदात पाहा. कार्डावर खरेदीही असेल तर रोख फेडायला नुसती रोखीएवढी रक्कम भरून भागेलच असं नाही.

मग अडचणीत करायचं काय?

मी नानांना जे सांगितलं ते असं.

आधी विचारा की समोरच्याला रोखच हवी आहे का. कॉलेज किंवा दवाखाना कार्ड घेत असेल तर थेट तिथे स्वाइप करा. ती खरेदी धरली जाते, फुकट दिवस मिळतात, ५०० ची फी नाही. कार्ड रुपेचं असेल तर ते यूपीआयला जोडून दुकानदाराचा क्यूआर स्कॅन करता येतो, तीही खरेदीच. फक्त त्याने मित्राच्या खात्यात पैसे पाठवता येत नाहीत. कॉलेज कार्डावर जादा शुल्क लावतं का, हे मात्र आधी विचारून घ्या.

रोखच लागणार असेल तर घरात सोनं आहे का बघा. आपलं जळगाव सोन्याचं गाव, एखादी पोत प्रत्येक घरात असते. बँकेतलं सोनेतारण कार्डाच्या चौथाई दरात मिळतं आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं. बँकेत ठेव असेल तर ती न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, दर ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त. विमा पॉलिसी जुनी असेल तर तिच्यावरही मिळतं. कपाटात ठेव ठेवून कार्डावरून रोख काढणारी माणसं मी पाहिली आहेत. का? कारण एटीएम जवळ आहे आणि बँकेत साहेबासमोर बसायची लाज वाटते.

'कार्ड स्वाइप करा, दोन-तीन टक्के कापून रोख देतो' असं सांगणारे आपल्याकडेही आहेत. त्या वाटेला जाऊ नका. कागदावर खोटी खरेदी दाखवावी लागते, बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं, आणि तुमच्या कार्डाचा नंबर कुणाच्या हातात गेला हे तुम्हाला कळतही नाही.

आणि माझ्यासारखी खरोखरची रात्र आली, दुसरा उपायच नाही, तर काढा. जीव महत्त्वाचा. फक्त जमलं तर एकाच वेळी काढा, स्वतःच्या बँकेचं मशीन बघा, तिथे एका दमात जास्त रक्कम निघण्याची शक्यता असते. आणि हातात पैसे आले की बिलाची वाट न पाहता त्याच दिवशी भरा. दुसऱ्या दिवशी भरलेत तर ३० हजारांवर व्याज ३७ रुपये. पुढच्या बिलात शेपूट आलंय का तेही बघा.

एक काम तर आजच करता येईल. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये एटीएम व्यवहार बंद करायचं बटण असतं. रिझर्व्ह बँकेनेच २०२० मध्ये बँकांना ही सोय द्यायला लावली. ते बंद करून ठेवा. गरज पडली तर चालू करायला मिनिट लागतं, पण ते मिनिट आपल्याला विचार करायला लावतं. माझं बंद आहे.

नाना सगळं ऐकून बराच वेळ तलावाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ४० हजार लिमिट लिहिलंय ते..."

म्हटलं, "नाना, ती तुमची शिल्लक नाही. ती तुम्हाला किती कर्ज देता येईल याची बँकेची मोजणी आहे."

बुधवारी त्यांचा फोन आला. कॉलेजने फी कार्डावर घेतली, वर शुल्क लावलं नाही. होस्टेलवाल्यांना रोखच हवी होती, त्याचे दहा हजार कारखान्याच्या मालकांनी पगारातून उचल म्हणून दिले. नाना म्हणाले, "भाऊ, मागायला लाज वाटत होती. मागितले तर दोन मिनिटांत दिले."

तुमच्यापैकी कुणी कार्डावरून रोख काढली असेल तर बिल काढा आणि त्या तीन ओळी शोधा : फी, व्याज आणि त्यांच्यावरचा कर. किती लागले ते खाली लिहा. बँकेचं नाव, कार्डाचा नंबर लिहू नका, फक्त किती काढले, किती दिवसांनी भरले आणि किती जास्त गेले एवढंच. माझा आकडा वर दिलाच आहे : ३० हजार, ४५ दिवस, ३,७३४.